छत्तीस पॉइंट चार, की छत्तीस पॉइंट तीन आठ नऊ?

(मिशनच्या आरोग्य कार्याला साहाय्य करणाऱ्या मित्रमंडळींच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



डोंगरातल्या पाड्यांवर चाललेल्या बाळ-बाळंतिणीच्या कामाचा अहवाल सचिवांनी वाचलाच आहे. तो मी पुन्हा सांगणार नाही. आपल्यापैकी काही जणांनी एक प्रश्न विचारला होता आणि त्याचे उत्तर नीट द्यावे असे समितीने मला सांगितले, म्हणून मी उभी आहे.

प्रश्न असा. गेल्या पावसाळ्यानंतर आपण प्रेमाने पाठवलेले डिजिटल थर्मामीटर आम्हांला मिळाले. ते फॅरनहाइटचे आहेत, कारण आपल्याकडच्या औषधाच्या दुकानांत बहुधा तेच मिळतात आणि आपण घरीही "नव्याण्णव ताप आहे", "एकशे दोन ताप आहे" असेच बोलतो. आमची नवजात बाळांची नोंदवही मात्र सेल्सिअसमध्ये आहे, कारण बाळ गार पडले की नाही हे ठरवण्याच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा सेल्सिअसमध्ये दिलेल्या आहेत. म्हणून थर्मामीटरच्या पेटीबरोबर एका बंधूंनी मेहनतीने तयार केलेला रूपांतराचा तक्ताही आला. त्यात प्रत्येक आकड्यापुढे दशांश चिन्हानंतर तीन अंक होते. ९७.४ म्हणजे ३६.३३३, ९७.५ म्हणजे ३६.३८९, ९७.६ म्हणजे ३६.४४४. गणितात एकही चूक नव्हती. तरीही आम्ही पाड्यांवर दिलेल्या तक्त्यात एकच अंक ठेवला: ३६.३, ३६.४, ३६.४. तेव्हा विचारणा झाली की, सिस्टर, इतके अचूक आकडे हाताशी असताना ते कापले का? काम ढिले झाले का?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका बाळाच्या एका नोंदीवरून देते.

थंडीचे दिवस आहेत असे धरा. पहाटे पाड्यावर बोचरा गारवा असतो, कुडाच्या भिंतीतून वारा आत येतो. दोन दिवसांचे बाळ आहे. आमची आरोग्यसेविका बाळाच्या काखेत थर्मामीटर ठेवते, हात अंगाशी धरून ठेवते, बीप वाजला की काढते. आकडा येतो ९७.५.

आता हा ९७.५ काय सांगतो ते पाहू. थर्मामीटरच्या पाकिटातला कागद आपण सहसा वाचत नाही. त्यावर बारीक अक्षरांत बहुधा असे लिहिलेले असते की हे यंत्र ०.२ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ०.१ अंश सेल्सिअस, इकडे किंवा तिकडे असू शकते. कंपनीने दिलेली ही प्रामाणिक कबुली आहे. म्हणजे पडद्यावर ९७.५ दिसले तर काखेतले खरे तापमान ९७.३ पासून ९७.७ पर्यंत कुठेही असू शकते. हे झाले यंत्राचे. त्यात माणसाच्या हाताची भर पडते. टोक काखेच्या मध्यावर न बसता थोडे पुढे आले, मध्ये झबल्याची घडी आली, बाळाने हात हलवला, तर त्याच बाळाचे पाच मिनिटांनी पुन्हा घेतलेले तापमान दोन-तीन दशांशांनी वेगळे येते. कोणीही घरी दोनदा मोजून पाहावे.

म्हणून ९७.५ या आकड्यात ९७ पक्का आहे असे म्हणता येईल, पण पाच हा अंक "साधारण पाच" असा आहे. मोजमापाचा शेवटचा अंक नेहमी असाच असतो. तो उपयोगाचा असतो, पण थोडा डळमळता असतो.

आता रूपांतर करू. रीत आपण शाळेत शिकलो आहोत. बत्तीस वजा करायचे, पाचाने गुणायचे, नवाने भागायचे. ९७.५ मधून ३२ गेले, ६५.५ उरले. त्याला पाचाने गुणले, ३२७.५ आले. नवाने भागले, ३६.३८८८८… आणि हे आठ काही संपत नाहीत.

हे आठ कुठून आले, हा माझ्या बोलण्याचा गाभा आहे. ते बाळाच्या काखेतून आले नाहीत आणि थर्मामीटरमधूनही आले नाहीत. ते नवाच्या भागाकारातून आले. नवाने भागले की पुष्कळदा अंकांची न संपणारी रांग लागते, हा त्या नवाचा गुण आहे. तक्त्यात ३६.३८९ असे लिहिले की वाचणाऱ्याला वाटते, बाळाचे तापमान अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत कळले आहे. प्रत्यक्षात अंशाचा दहावा भागसुद्धा आपल्याला डळमळताच कळला होता. तितके बारीक मोजायला प्रयोगशाळेत प्लॅटिनमच्या तारेचे खास थर्मामीटर लागतात, आणि ते काखेत ठेवायचे नसतात.

घरगुती उदाहरण देते. पाड्यावर कोणाला विचारले, विहीर किती लांब? तो म्हणतो, दोनशे पावले. एक पाऊल अडीच फुटांचे धरले तर पाचशे फूट झाले. पाचशे फुटांचे मीटर केले तर बरोबर १५२.४ येतात. आता मी अहवालात "विहीर १५२.४ मीटरवर आहे" असे लिहिले तर आपण समजाल की आम्ही टेप धरून मोजले. गणित बरोबर आहे, तरी वाक्य खोटे आहे. "सुमारे दीडशे मीटर" हे वाक्य खरे आहे. नीतिसूत्रांच्या पुस्तकात खोट्या तराजूविषयी काय म्हटले आहे ते आपण जाणताच. तिथे माप कमी देणाऱ्याची गोष्ट आहे. पण ठाऊक नसलेले ठाऊक आहे असे दाखवणारा आकडाही त्याच जातीचा, आणि तो बहुधा कोणाच्या मनात कपट नसताना लिहिला जातो.

आपण म्हणाल, सिस्टर, दोन अंक जास्त लिहिले तर बाळाचे काय बिघडले? कोणाचे नुकसान झाले?

त्याच बाळाकडे परत जाऊ. बाळाचे तापमान ३६.५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की आम्ही त्याला गार पडू लागलेले बाळ म्हणतो. ३६.० ते ३६.४ ही पहिली पायरी आहे. ३६.० च्या खाली गेले तर धोका वाढतो, आणि ३२ च्या खाली तो फार गंभीर असतो. पहिल्या पायरीवर उपाय साधा आहे. बाळाचे ओले कपडे काढायचे, डोक्याला टोपी घालायची, आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लागेल असे बांधून ठेवायचे, वरून दोघांवर गोधडी घालायची आणि दूध पाजायचे.

सेविकेने हे सगळे केले. अर्ध्या तासाने पुन्हा मोजले, ९७.६ आले. आणखी अर्ध्या तासाने ९७.७ आले. तीन अंकांच्या तक्त्यात ही नोंद अशी दिसेल: ३६.३८९, मग ३६.४४४, मग ३६.५००. पाहा, किती सुंदर चढत गेली! आणि शेवटी नेमकी रेषेवर येऊन थांबली. नवीन शिकलेल्या मुलीला हे पाहून काय वाटेल? बाळ सुधारले, मर्यादा गाठली, हजाराव्या भागापर्यंत गाठली. ती वही मिटून पुढच्या घरी जाईल.

पण ९७.७ म्हणजे ९७.५ ते ९७.९ यांमधले काहीतरी. सेल्सिअसमध्ये ते ३६.४ ते ३६.६ होते. बाळ रेषेच्या वर असेल किंवा अजून खालीच असेल. आणि ९७.५ वरून ९७.७ पर्यंतची सगळी चढण यंत्राच्या चुकीच्या पट्ट्यातच मावते. बाळ खरोखर तापू लागले असेल, किंवा थर्मामीटर या वेळी काखेत जरा नीट बसले असेल. आकडा हे सांगू शकत नाही. ३६.५०० मधली दोन शून्ये मात्र ते ठामपणे सांगत आहेत असे भासवतात.

उलटही होते. दुसऱ्या बाळाचे पहिले मोजमाप ९७.५ आणि दुसरे ९७.४ आले. तक्ता म्हणतो, ३६.३८९ वरून ३६.३३३ वर उतरले. मुलगी घाबरते, आई घाबरते, घरातले म्हणतात छातीशी बांधून उपयोग नाही, काढा त्याला. जो उपाय चालू ठेवायला हवा होता तो आकड्याने बंद पाडला. आणि तो आकडा ०.०५६ अंशांचा होता, जो आमचे थर्मामीटर ओळखूच शकत नाही.

एका अंकाच्या तक्त्यात हेच ३६.४ आणि ३६.३ असे दिसते. इथे कोणी चाणाक्ष बंधू म्हणतील, सिस्टर, तुमच्या तक्त्यात तर उतार ०.१ चा दिसतो, म्हणजे खऱ्यापेक्षा मोठाच! बरोबर आहे. एका अंकावर आणताना असे थोडे इकडेतिकडे होते. ९७.३ आणि ९७.४ या दोन्हींचे आमच्या तक्त्यात ३६.३ च होतात. म्हणून प्रशिक्षणात आम्ही एक वाक्य पाठ करून घेतो: शेवटचा अंक एकाने कमी-जास्त झाला तर त्याला बदल म्हणायचे नाही. एकच अंक असला की हा नियम मुलींच्या लक्षात राहतो आणि वापरता येतो. तीन अंक असले की कोणता अंक डळमळता आणि कोणता पक्का हे कळायलाच मार्ग राहत नाही.

त्यावरून आमचा दुसरा नियम आला. रेषेच्या दोन दशांश इकडे किंवा तिकडे, म्हणजे ३६.३ ते ३६.७ मध्ये आकडा असेल तर रेषा ओलांडली असे मानायचे नाही. बाळ छातीशीच ठेवायचे, अर्ध्या तासाने पुन्हा मोजायचे आणि आकड्यापेक्षा बाळाकडे पाहायचे. पाय गार लागतात का? आवाज क्षीण आहे का? स्तन धरून चोखते का? बाळ चोखत नसेल तर थर्मामीटर काहीही सांगो, त्याला दवाखान्यात न्यायचे, आणि वाटेतही आईच्या छातीशीच ठेवायचे. नसलेल्या अचूकतेचा हाच मोठा दोष आहे. ती डोळे आकड्याला खिळवून ठेवते आणि बाळावरून काढते.

मग अंक जितके कमी तितके चांगले, असे आहे का? तसेही नाही. काही जण म्हणतात, खेड्यातल्या मुलींना दशांश कशाला, सरळ पूर्ण अंक लिहू द्या. ते तर जास्त धोक्याचे आहे. एका बाळाचे तापमान ९७.६ आहे, म्हणजे ३६.४४४. पूर्ण अंक केला की ३६. दुसऱ्या बाळाचे ९६.० आहे, म्हणजे ३५.५५६. पूर्ण अंक केला की तेही ३६. वहीत दोन्ही बाळे सारखीच दिसतील. पण पहिले जेमतेम रेषेखाली आहे आणि दुसरे दुसऱ्या पायरीवर उतरलेले आहे, त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला हवे. थर्मामीटरने हा फरक आपल्याला दाखवला होता, वहीने तो पुसून टाकला. जे कळले नाही ते कळल्यासारखे लिहायचे नाही, तसे जे कळले आहे ते टाकूनही द्यायचे नाही. ०.१ फॅरनहाइटपर्यंत दाखवणारे, ०.२ इकडेतिकडे असू शकणारे थर्मामीटर असेल तर सेल्सिअसमध्ये दशांश चिन्हानंतर एक अंक. तो या दोन्हींच्या मधोमध बसतो. एका अंकावर आणल्याने जास्तीत जास्त ०.०५ अंशाची चूक होते, आणि ती यंत्राच्या स्वतःच्या चुकीपेक्षा लहान आहे.

अंक कमी करायचे ते कुठे, हेही सांगितले पाहिजे, कारण इथे शिकलेली माणसेही फसतात. अंक कमी करायचे ते अगदी शेवटी, उत्तर आल्यावर. मधल्या हिशेबात नाही. पाच भागिले नऊ म्हणजे ०.५५५५… कोणी सोयीसाठी ०.५५ धरतो, कोणी ०.५६ धरतो. आपल्या ९७.५ वर करून पाहा. ६५.५ गुणिले ०.५५ केले तर ३६.० येते. ६५.५ गुणिले ०.५६ केले तर ३६.७ येते. खरे उत्तर ३६.४. एक सोयीचा आकडा बाळाला दुसऱ्या पायरीच्या काठावर नेतो, दुसरा त्याला पूर्ण बरे ठरवतो. "बत्तीस वजा करा, अर्धे करा, दहावा भाग मिळवा" ही तोंडी रीतही ०.५५ चीच आहे. उद्या मुंबईत किती ऊन पडेल हे सांगायला ती ठीक आहे, तान्ह्या बाळाला नाही. म्हणून मधे सगळे अंक ठेवा, ३६.३८८८ लिहिलेत तरी कच्च्या कागदावर चालेल, आणि वहीत उतरवताना एकदाच ३६.४ करा.

आता तुमच्या-माझ्या घरातली एक गोष्ट. निरोगी माणसाचे तापमान किती, असे विचारले तर इथले सगळे एका आवाजात ९८.६ म्हणतील. जुन्या पाऱ्याच्या थर्मामीटरवर तिथे बाण किंवा लाल खूण असायची. हा "पॉइंट सहा" कोठून आला?

जर्मनीत लाइपझिग येथे कार्ल वुंडरलिख नावाचे डॉक्टर होते. त्यांनी हजारो रुग्णांची तापमाने काखेत मोजली आणि १८६८ साली त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. निरोगी माणसाची सरासरी त्यांनी ३७ अंश सेल्सिअस सांगितली. पण तापमान दिवसभर सारखे नसते, पहाटे कमी आणि संध्याकाळी जास्त असते, हेही त्यांनीच नोंदले. ३७ हा गोल आकडा होता. इंग्रजी जगाने त्याचे फॅरनहाइट केले. ३७ ला नवाने गुणा, पाचाने भागा, बत्तीस मिळवा, ९८.६ येते. गणित अगदी बरोबर. पण ३७ ऐकणारा म्हणतो "सदतीसच्या आसपास", आणि ९८.६ ऐकणारा म्हणतो "अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा, ना पाच ना सात". आसपास हा शब्द रूपांतरात गळून पडला. ३७ हा आकडा पूर्ण अंशापर्यंतचा समजला तर त्याचा पट्टा ३६.५ ते ३७.५, म्हणजे ९७.७ ते ९९.५ असा रुंद होतो.

१९९२ साली अमेरिकेत मॅकोवियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ निरोगी प्रौढांची तापमाने तोंडात मोजली. सरासरी ९८.२ निघाली, आणि माणसामाणसांत, सकाळ-संध्याकाळमध्ये फरक होताच. तरीही आपल्याकडे संध्याकाळी ९९ दिसले की आई म्हणते, कणकण आहे, शाळेत पाठवू नको. त्या मुलाला ताप असेलही, पण तो ९९ या आकड्याने सिद्ध होत नाही. तसेच "१००.४ च्या वर ताप" असे वाचले की वाटते कोणी तरी फार बारीक शोध लावला आहे. तो शोध नाही, तो ३८ आहे, फक्त फॅरनहाइटचे कपडे घातलेला.

आता अहवालाविषयी, कारण अहवाल आपण वाचता आणि त्यावर दान देता. मला सुचवण्यात आले की बाळांच्या तापमानाची तिमाही सरासरी द्यावी. समजा, मागच्या तिमाहीत सरासरी ३६.४१७ आणि या तिमाहीत ३६.४७२ अशी आली. किती छान प्रगती दिसेल! पुष्कळ मोजमापांच्या सरासरीत एखादा अंक जास्त ठेवता येतो, हे खरे. पण तेव्हाच, जेव्हा सगळी मोजमापे एकाच रीतीने, एकाच वेळी, तपासलेल्या यंत्रांनी झालेली असतात. आमच्याकडे एक मोजमाप पहाटे होते, दुसरे दुपारी. एक बाळ नुकतेच पुसलेले असते, दुसरे चुलीपाशी असते. एका पाड्यावरचे थर्मामीटर दोन दशांश जास्त दाखवत असेल तर ती चूक शंभर मोजमापांच्या सरासरीतही तशीच राहते, कमी होत नाही. म्हणून ती सरासरी मी देणार नाही. मी आपल्याला सांगेन की किती बाळे पहिल्यांदा मोजली तेव्हा रेषेखाली होती, त्यांपैकी किती आईच्या छातीशी ठेवल्यावर रेषेच्या स्पष्ट वर आली आणि किती दवाखान्यात न्यावी लागली. ही मोजणी पूर्ण अंकांची आहे आणि तिच्यामागे प्रत्येक वेळी एक बाळ आहे.

शेवटी कामाची गोष्ट. जे घरी वापरता येईल ते सांगते. सेल्सिअस अर्ध्या अंशाने वाढले की फॅरनहाइट बरोबर ०.९ ने वाढते. म्हणून ही सहा जोड्या अचूक आहेत, यांत एकही अंक वाढवलेला किंवा कापलेला नाही. छापताना या वेगळ्या द्याव्यात अशी संपादकांना विनंती आहे.

३५.५ सेल्सिअस म्हणजे ९५.९ फॅरनहाइट
३६.० म्हणजे ९६.८
३६.५ म्हणजे ९७.७
३७.० म्हणजे ९८.६
३७.५ म्हणजे ९९.५
३८.० म्हणजे १००.४

पाड्यावरच्या मुलींना आम्ही हेच सहा टप्पे शिकवतो. थर्मामीटरचा आकडा कोणत्या दोन टप्प्यांमध्ये पडला एवढे पाहिले की पुढे काय करायचे ते निम्मे ठरते. रेषेवर शंका असेल तर तुलना थर्मामीटरच्या मूळ आकड्याशीच करायची. ९७.७ ही रेषा, आलेला आकडा तिच्या वर की खाली, आणि किती जवळ. रूपांतर नंतर, वहीसाठी. वहीतही मूळ फॅरनहाइटचा आकडा एका रकान्यात तसाच लिहायचा आणि सेल्सिअसचा शेजारी, म्हणजे पुढे कोणाला तपासायचे असेल तर खरे काय दिसले होते ते सापडते.

आणि आपल्याकडे एक मागणे आहे. पुढच्या वेळी थर्मामीटर घ्याल तेव्हा दुकानदाराला विचारा की हे सेल्सिअसमध्ये दाखवते का. पुष्कळ डिजिटल थर्मामीटरमध्ये बटण दाबून धरले की अंशाचे माप बदलते, कसे ते आतल्या कागदावर लिहिलेले असते. एका पाड्यावर एकाच मापाची थर्मामीटर असली की रूपांतरच करावे लागणार नाही, आणि जे रूपांतर करावेच लागत नाही त्यात चूकही होत नाही. त्याच कागदावर ते ०.१ किंवा ०.२ चे बारीक अक्षरही शोधा. तो कागद टाकून न देता पेटीत तसाच पाठवा. आमच्या मुलींना यंत्राबरोबर त्याची कबुलीही वाचता यायला हवी.

ज्या बंधूंनी तो तक्ता केला त्यांचे मी मनापासून आभार मानते. त्यांचाच तक्ता आम्ही वापरतो आहोत, फक्त प्रत्येक आकडा एका अंकावर आणून.